विश्लेषण : महागाई 6 टक्क्यांवर असतानाही रिझर्व्ह बँक का थांबली?

एप्रिल 2023 मध्ये हातात असलेला ताजा महागाई दर 6.44 टक्के होता, म्हणजे 6 टक्क्यांच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त. तरीही रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवला नाही. हा निर्णय समजून घ्यायचा तर धोरणाला लागणारे दोन विलंब समजून घ्यावे लागतात.

अंतर्गत विलंब म्हणजे काय?

अडचण सुरू झाल्यापासून निर्णय होईपर्यंतचा काळ. जानेवारी 2022 मध्ये महागाई 6.01 टक्क्यांवर गेली, पण महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या मध्यावर येतो. त्यामुळे 10 फेब्रुवारीच्या पतधोरणावेळी तो हाती नव्हता. 8 एप्रिलला होता, तरी दर 4 टक्क्यांवरच ठेवला गेला. पहिली वाढ झाली 4 मे रोजी, वेळापत्रकाबाहेरच्या बैठकीत. तोवर एप्रिलची महागाई 7.79 टक्क्यांवर पोहोचली होती.

आणि बाह्य विलंब?

निर्णयापासून परिणाम दिसेपर्यंतचा काळ. रेपोशी जोडलेल्या गृहकर्जाचा व्याजदर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलतो. इतर अनेक कर्जांना वर्षही लागते. त्यातच अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून कर्जाची मुदत वाढवली. घरचा महिन्याचा खर्च तसाच राहिला, म्हणजे मागणीला लगाम बसायला आणखी उशीर. हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्या, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना सांगितले.

सरकारी करकपातीचे गणित वेगळे असते. 21 मे 2022 रोजी केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे 8 रुपयांनी कमी केले आणि दुसऱ्याच दिवशी पंपावरचा दर उतरला. तिथे वेळ जातो तो निर्णय व्हायला.

मग धोका कुठे?

फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो दर 6.50 टक्के झाला होता. नऊ महिन्यांतल्या अडीच टक्के वाढीपैकी बराचसा परिणाम अजून कर्जदारांपर्यंत पोहोचायचा होता. गीझरचे पाणी नळाला यायला वेळ लागतो. तेवढ्यात नळ आणखी सोडला तर पुढे चटका बसतो. इथे तो चटका मंदावलेल्या उद्योगाला आणि रोजगाराला बसला असता.

जुलै 2023 मध्ये टोमॅटो कडाडले आणि महागाई 7.44 टक्क्यांवर गेली. तेव्हाही दर वाढला नाही. वाढ केली असती तरी तिचा परिणाम टोमॅटो स्वस्त झाल्यानंतरच दिसला असता. ऑक्टोबरमध्ये महागाई 4.87 टक्क्यांवर आली, दर जैसे थे असतानाच.

वाचकाने काय पाहावे?

हा विलंब दर वेळी सारखा नसतो, हीच खरी अडचण. त्यामुळे पतधोरणाच्या दिवशी केवळ कालच्या महागाईवरून निर्णयाला चूक-बरोबर ठरवणे अपुरे आहे. पुढच्या वर्षभराच्या महागाईचा अंदाज काय आहे आणि आधीची दरवाढ जुन्या कर्जांपर्यंत किती पोहोचली आहे, हे दोन आकडे अधिक सांगतात.