सलाइनचा हात आणि साखरेचा अहवाल

घरातील एखादे माणूस रुग्णालयात असले, म्हणजे रक्ततपासणीच्या अहवालाचा कागद आपण मोठ्या उत्कंठेने पाहतो. समजा, पोटाच्या विकाराने क्षीण झालेल्या एका गृहस्थांना शिरेवाटे ग्लुकोजचे सलाइन चालू आहे. सकाळी त्यांची रक्तशर्करा दर १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम, म्हणजे अगदी योग्य होती. दुपारचा अहवाल मात्र ५८१ सांगतो. ज्यांना कधी मधुमेह नव्हता, त्यांच्या रक्तात काही तासांत इतकी साखर आली कोठून?

उत्तर बाटलीवरच लिहिलेले असते. ५ टक्के डेक्स्ट्रोज याचा अर्थ १०० मिलिलिटर द्रावात ५ ग्रॅम, म्हणजेच ५,००० मिलिग्रॅम साखर. निरोगी माणसाच्या रक्तातील साखरेच्या पन्नासपटींहून हे प्रमाण अधिक आहे. हा द्राव हृदयात पोहोचून सर्व रक्तात मिसळला की तो पुष्कळ विरळ होतो. परंतु सुईच्या अगदी पुढे, त्याच शिरेत, तो जवळजवळ मूळ रूपातच वाहत असतो. त्यातच रक्त घेण्यासाठी दंडाला पट्टा आवळला, की शिरेतील प्रवाह थबकतो आणि द्राव तेथेच साचू लागतो. अशा वेळी कोपराजवळून काढलेला नमुना निव्वळ रक्ताचा राहत नाही.

आता हिशेब करून पाहू. नमुना २ मिलिलिटरचा आहे आणि त्यातील केवळ दहावा भाग सलाइनचा आहे, असे धरू. नेहमीच्या नळीतून एका मिलिलिटरला साधारण २० थेंब पडतात. म्हणजे हे मिश्रण अवघ्या चार थेंबांचे झाले. दर १०० मिलिलिटरमागे सलाइनच्या दहाव्या भागाकडून ५०० मिलिग्रॅम आणि रक्ताच्या उरलेल्या नऊ भागांकडून ८१ मिलिग्रॅम साखर येते. बेरीज ५८१! प्रयोगशाळेच्या यंत्राने चूक केलेली नाही. हाती आलेल्या मिश्रणाचे मापन त्याने बिनचूक केले आहे.

खरा धोका यापुढे आहे. या आकड्यावर विसंबून इन्शुलिन टोचले, तर मुळात ९० असलेली साखर वेगाने खाली जाईल. घाम सुटेल, हातपाय थरथरतील, प्रसंगी शुद्ध हरपून जिवावर बेतेल.

मग असा अहवाल ओळखावा कसा? डॉक्टर प्रथम रुग्णाकडे पाहतात. त्याला फार तहान नाही, वारंवार लघवी नाही, लघवीच्या तपासणीत साखर नाही, तर ५८१ या आकड्याशी हे जुळत नाही. दुसरी खूण त्याच अहवालात असते. द्राव मिसळल्याने इतर घटक सारख्याच प्रमाणात विरळ होतात. सकाळी पोटॅशियम ४.० होते ते ३.६ होते, कॅल्शियम ९.५ होते ते सुमारे ८.६ भरते. सर्व आकडे एकदम दहाव्या भागाने उतरणे ही मिश्रणाची निशाणी होय. केवळ सोडियमवरून मात्र निर्णय करू नये. कारण खरोखरच साखर वाढली तरी सोडियम उतरते. शिवाय बाटली ग्लुकोज-सलाइनची, म्हणजे मीठ घातलेली असेल, तर मिश्रणातही सोडियम फारसे हलत नाही. शंका आली की दुसऱ्या हातातून ताजा नमुना घेणे, हाच खरा निवाडा.

त्या दुसऱ्या हाताचा आकडाही ९० च येईल असे नाही. सलाइनमधून खरोखरच साखर शरीरात जात असते, म्हणून तो थोडा अधिक असू शकतो. परंतु तो रुग्णाच्या रक्ताचा असतो आणि उपचार त्यावर ठरविता येतात. बोटाच्या टोकावरील थेंबाची तपासणीही याच कारणाने सलाइन नसलेल्या हातावर करावी.

दोन्ही हात गुंतलेले असतील, तर परिचारिका डॉक्टरांच्या संमतीने सलाइन किमान दोन मिनिटे थांबवितात. मग सुईच्या खालच्या बाजूस, म्हणजे हाताच्या पंजाकडे, दुसरी जागा निवडून पट्टा त्या दोहोंच्या मध्ये बांधतात. प्रथम निघालेले सुमारे ५ मिलिलिटर रक्त टाकून देतात आणि नमुना कसा घेतला याची नोंद चिठ्ठीवर करतात. नातेवाइकांनी मात्र सलाइनची चकती स्वतः कधीही फिरवू नये. त्यातून एखादे अत्यावश्यक औषधही जात असेल. आपल्याकडून एवढेच पुरे: रक्त घेण्यास कोणी आले आणि सलाइनचा हात पांघरुणाखाली असला, तर नम्रपणे सांगावे, “बाई, या हाताला ग्लुकोज चालू आहे, कृपया दुसऱ्या हातातून घ्यावे.”