कापडाचे नव्हे, अंगाचे माप लिहा : तयार कपड्यांच्या लेबलाबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड, अलिबाग
वैध मापनशास्त्र यंत्रणा, रायगड जिल्हा
तसेच किनाऱ्यावरील दुकानांना तयार कपडे पुरवणारे सर्व घाऊक व्यापारी व उत्पादक

विषय : छाती, कंबर व सीट यांची मापे सेंटिमीटरमध्ये आणि अंगाची म्हणून छापण्याबाबत

महोदय,

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या बाजारपेठांत तयार कपडे विकणारे दुकानदार आणि ते कपडे अल्टर करून देणारे शिंपी, अशा दोघांच्या संघटनेचे हे पत्र आहे. अंगात न बसलेला कपडा परत येतो तो आमच्याच गल्ल्यावर किंवा आमच्याच मशीनवर. म्हणून लेबलावरच्या आकड्यांबद्दल बोलण्याचा आम्हाला हक्क आहे, असे आम्ही मानतो.

सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल यांसारख्या अक्षरांसोबत सेंटिमीटर किंवा मीटरमध्ये माप लिहावे, असा नियम केंद्र सरकारने २०२२ मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती करून केला. तो चांगला आहे. पण आकडा कशाचा लिहायचा, कपडा घालणाऱ्याच्या अंगाचा की शिवून तयार झालेल्या कपड्याचा, हे त्यात स्पष्ट नाही. आमचा सगळा त्रास या एका जागी आहे.

उदाहरण शर्टाचे घ्या. बटणे लावून तो टेबलावर सपाट पसरला आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरला, तर ५४ सेंटिमीटर भरतात. दुप्पट केले की घेर १०८. एक उत्पादक लेबलावर ‘छाती १०८’ छापतो. दुसरा अगदी तेवढ्याच घेराच्या शर्टावर ‘छाती ९४–१०२’ छापतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. पहिल्याने कापड मोजले, दुसऱ्याने हा शर्ट कोणाच्या अंगासाठी आहे ते सांगितले.

आता छाती १०६ असलेला गिऱ्हाईक येतो. पहिले लेबल वाचून तो म्हणतो, १०८ म्हणजे मला दोन सेंटिमीटर जास्तच आहे. तो शर्ट घेतो. घरी जाऊन घालतो तेव्हा बटणांच्या मधे फट पडते आणि हात पुढे नेला की पाठ ताणते. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टात आम्ही शिंपी छातीला साधारण १० ते १२ सेंटिमीटर लूज ठेवतो. इथे त्याला दोनच मिळाले. दुसरे लेबल असते तर त्याने तो शर्ट उचललाच नसता, कारण १०६ हा आकडा ९४ ते १०२ मध्ये बसत नाही. आणि हा शर्ट मोठा करून देणे आमच्या हातात नसते. घरच्या शिंप्याने शिवणीत माया सोडलेली असते, तयार शर्टात ती जेमतेम एक सेंटिमीटर असते. उसवून काहीच मिळत नाही.

युरोपच्या ईएन १३४०२ या मानकाने आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ ८५५९ ने हा प्रश्न सोडवला आहे. लेबलावर अंगाचेच माप असते, लूज किती ठेवायचा हे शिवणाऱ्याने पाहायचे. त्यासाठी माणसाची साधी रेखाकृती काढून छाती, कंबर व सीट यांच्या जागी रेघा आणि समोर आकडे देता येतात. ते वाचायला भाषा लागत नाही. युरोपीय मानकाच्या २००४ च्या तक्त्यात पुरुषांच्या छातीची पायरी चार सेंटिमीटरची आहे, म्हणजे १०० हा आकडा ९८ ते १०२ छातीसाठी. अशा दोन पायऱ्या मिळून एक अक्षर होते. पुरुषांचा एम ९४ ते १०२, एल १०२ ते ११०. स्त्रियांचा एम ९० ते ९८, पण एल ९८ ते १०७. मोठ्या मापांत पायरी रुंद होत जाते. पुरुषाचा एम आणि बाईचा एम एक नव्हे, हे गिऱ्हाइकाला सांगावे लागते ते यामुळेच. बरोबर सीमेवर, म्हणजे १०२ छाती असेल, तर न ताणणाऱ्या कापडात आम्ही पुढचे माप सुचवतो.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करा, असे आमचे म्हणणे नाही. भारतीय अंगांची मापे घेण्याचे काम निफ्टने ‘इंडियासाइझ’ नावाने हाती घेतले आणि त्यासाठी निवडलेल्या शहरांत मुंबई आहे. अक्षरांच्या सीमा त्या मापांवरून ठरोत. पण सेंटिमीटर सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे अंगाचे माप छापायला कोणत्याही नव्या तक्त्याची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून आमची पहिली मागणी : प्रत्येक लेबलावर ‘अंगाचे माप’ हे शब्द मराठीत असावेत आणि माप ‘पासून–पर्यंत’ असे द्यावे. कापडाचे माप द्यायचेच असेल तर ते वेगळ्या ओळीत ‘कपड्याचा घेर’ म्हणून द्यावे.

दुसरी मागणी एकट्या आकड्यांबद्दल आहे. शर्टावर नुसते ‘४०’ लिहिलेले असते. पुष्कळ उत्पादकांच्या फॉर्मल शर्टांवर ते कॉलरचे सेंटिमीटर असतात. काहींच्या टी-शर्टवर छातीचे इंच, म्हणजे जवळपास १०२ सेंटिमीटर. एकाच मांडणीवर, एकाच आकड्याचे दोन अर्थ. आकड्यापुढे अवयव आणि एकक दोन्ही हवेत.

सीटबद्दल आम्ही जास्त आग्रही आहोत, कारण बायकांच्या पँट आणि पलाझोवर ते माप बहुतेकदा नसतेच. कंबर ७६ आणि सीट १०४ असलेली बाई ‘कंबर ७४–७८’ वाचून पँट घेते. ती मांड्यांवरून वर येते आणि सीटवर अडते. मग ती दोन मापे मोठी घेते आणि कंबर आमच्याकडून आत घेऊन घेते. कपड्याच्या किमतीवर शिलाईचा भुर्दंड. युरोपीय मानकात स्त्रियांच्या पँटसाठी कंबर मुख्य माप आणि सीट जोडमाप आहे. इथेही दोन्ही मापे छापणे बंधनकारक करावे.

माप घ्यायचे कसे, हे दुकानात चित्रासह लावण्याची जबाबदारी आम्ही घेतो. चित्र वैध मापनशास्त्र यंत्रणेने तपासून द्यावे. छातीसाठी टेप काखेखालून, पाठीच्या फऱ्यांवरून, सर्वांत भरलेल्या भागावर आडवा; श्वास नेहमीसारखा. कंबर म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधला घेर. पोट सुटलेले पुरुष पँट पोटाखाली बांधतात आणि तिथेच मोजतात, मग लेबल चुकल्यासारखे वाटते. सीट पाठीमागच्या सर्वांत भरलेल्या जागी. टेप टेकलेला असावा, आवळलेला नसावा. शिंप्यांनीही टेपची सेंटिमीटरची बाजू वापरायला सुरुवात करावी, असा ठराव आम्ही आमच्यापुरता केला आहे.

शेवटची मागणी घाऊक व्यापाऱ्यांकडे. मुरूडच्या पलीकडच्या गावांतून एसटीने आलेल्या गिऱ्हाइकाला लहान दुकानात घालून बघायची सोय मिळत नाही, आणि बदलून घ्यायला पुन्हा येणे त्याला परवडत नाही. काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट केलेला घेर लेबलावरच्या ‘अंगाच्या मापा’एवढाच भरला, तर ते लेबल चुकीचे, हे कोणालाही दुकानातच तपासता येते, अंगालगत बसणारे, ताणले जाणारे होजिअरीचे कपडे तेवढे अपवाद. असा माल गणपतीच्या आधीच्या खरेदीत आमच्याकडे आला तर तो पुरवठादाराने स्वतःच्या खर्चाने परत न्यावा, आणि ही अट बिलावर छापावी.