वजनकाट्याची प्रतिष्ठा आणि उंचीची काठी

१/ आफ्रिकेतील शाळांमध्ये जंतांचे औषध मुलांची उंची मोजून दिले जाते, हे ऐकताच अनेकांच्या ओठांवर हसू उमटते. ‘काटा परवडत नाही, म्हणून काठी!’ हा शेरा चटपटीत आहे. पण तो चूक आहे.

२/ प्रश्न शिस्टोसोमियासिस, म्हणजेच बिल्हार्झिया या रोगाचा. त्यावरील औषध प्राझिक्वांटेल. मात्रा किलोमागे ४० मिलिग्रॅम, गोळी ६०० मिलिग्रॅमची. आतड्यातील जंतांवरची अल्बेंडाझोलची एकच ठरलेली गोळी येथे चालत नाही. मुलागणिक मात्रा बदलते.

३/ २६ किलो वजनाचा, १३० सेंटिमीटर उंचीचा मुलगा घ्या. काट्यावरून गणित येते १०४० मिलिग्रॅम, म्हणजे पावणेदोन गोळ्यांच्या किंचित खाली. शेकडो मुलांच्या रांगेत शिक्षक देणार एक, दीड, दोन अशाच हिशेबाने. काट्याने कमावलेली अचूकता गोळी मोडतानाच सांडते.

४/ काठीवर थेट गोळ्यांचेच पट्टे असतात. ९४ ते ११० सेंटिमीटरला एक, १२५ पर्यंत दीड, १३८ पर्यंत दोन, १५० पर्यंत अडीच. आपल्या मुलाला दोन गोळ्या मिळतात, म्हणजे किलोमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम. ३० ते ६० ही मात्रा स्वीकारार्ह मानली जाते. ना भागाकार, ना बिघडलेली स्प्रिंग.

५/ ही काठी अंदाजाने रंगवलेली नव्हे. २००१ साली मोंत्रेसोर आणि सहकाऱ्यांनी सहाराच्या दक्षिणेकडील १० देशांतील २५ हजारांहून अधिक व्यक्तींच्या उंची-वजनाच्या नोंदींवर ती तपासली. ९८ टक्क्यांहून अधिक जणांची मात्रा याच मर्यादेत बसली.

६/ काठी चुकते कुठे? त्याच उंचीचा मुलगा ४२ किलोचा असेल, तर त्याला किलोमागे २९ मिलिग्रॅमही मिळत नाहीत. तो २० किलोहून हडकुळा असेल, तर मात्रा ६० च्या वर जाते. उंची आणि वजन यांचे नाते जिथे तुटते, तिथे काठीचा आधार सुटतो. पायांतली चप्पल किंवा जमिनीपासून उचलून धरलेली काठी मुलाला दुसऱ्या पट्ट्यात ढकलते. म्हणून अनवाणी पाय, टेकलेल्या टाचा आणि सपाट जमीन ही अट असते.

७/ खरा आक्षेप घ्यायचाच, तर तो काठीच्या तळाशी घ्यावा. ९४ सेंटिमीटरच्या खाली पट्टाच नव्हता. आईबरोबर पाणवठ्यावर जाणाऱ्या तान्ह्यांना लागण होत होती. औषध मात्र शाळकरी मुलांपुरते आखले गेले. दोन वर्षांपासूनच्या मुलांना उपचारात घेण्याची जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक शिफारस २०२२ साली आली.

८/ काठीने मोजमापात कुचराई केली नाही. कोणाला मोजायचे, हे ठरवणाऱ्यांनी ती केली. हसणाऱ्यांनी बोट तिकडे दाखवावे.