पाय मोडला, तर घर कशावर चालवायचं?

आमच्या गल्लीत शेजारी शेजारी दोन मुलं राहतात. एक एमआयडीसीतल्या कारखान्यात जातो, दुसरा मोबाईलवर ऑर्डर घेऊन घरोघरी जेवण पोहोचवतो. कमाई दोघांचीही महिन्याला चौदा हजारांच्या आसपास. गेल्या पावसाळ्यात डिलिव्हरीवाल्याची गाडी घसरली आणि पाय मोडला. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेतून झालं. पण तीन महिने तो घरी बसून होता. त्याची आई म्हणाली, "काकू, दवाखान्याचं निभलं हो, पण घर कशावर चालवू?"

कंपनीचा अपघात विमा होता. पण शेवटची ऑर्डर देऊन, ॲप बंद करून तो घरी येत होता, म्हणून दावा नाकारला. वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही होता. तो मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच मिळतो. बऱ्या होणाऱ्या पायाला एक पैसाही नाही.

हाच अपघात कारखान्यातल्या मुलाला कामावरून येताना झाला असता तर? त्याचं ईएसआय आहे. कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात धरतात आणि बरं होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के रक्कम मिळते. म्हणजे महिन्याला सुमारे १२,६००, तीन महिन्यांचे ३७,८०० रुपये. डिलिव्हरीवाल्याला शून्य, कारण कागदावर तो नोकर नाही, 'पार्टनर' आहे!

नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांसाठी निधीत भरावी, असं त्यात आहे. (कामगारांना दिलेल्या पैशांच्या पाच टक्के ही त्याची कमाल मर्यादा.) योजना कशाकशाच्या असाव्यात याची यादीही आहे: जीवन व अपंगत्व विमा, अपघात, आरोग्य, बाळंतपण, म्हातारपण. पण बरं होईपर्यंत बुडणारी मजुरी त्यात नाव घेऊन सांगितलेली नाही. माझ्या मते खरं भोक इथंच आहे. या निधीतून निदान निम्मी रोजची कमाई तीन महिने मिळावी आणि घरी परतायचा रस्ताही कामाचाच धरावा.

तोवर आपल्या हातात काय? घरात कुणी डिलिव्हरी करत असेल, किंवा लेक ॲपवरून पार्लरच्या कामाला जात असेल, तर ई-श्रमवर नोंदणी करून घ्या. डिसेंबर २०२५ च्या मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस काम, अशी अट होती. म्हणून दर आठवड्याच्या कमाईचा हिशेब मोबाईलवरून काढून जपून ठेवा. आणि कंपनीचा विमा ॲप बंद झाल्यावर चालतो का, हे आजच विचारा. अपघातानंतर विचारून काय उपयोग?