निवृत्तांच्या सरासरीत खेळणारे कुठे गेले?



वेगवान गोलंदाजाची कसोटी कारकीर्द जेमतेम चार वर्षांची असते, असं आपल्या क्रीडा पानावर वाचलं. हा आकडा फक्त निवृत्त गोलंदाजांच्या सरासरीतून आला आहे, आणि चूक तिथेच आहे. २००० साली जन्मलेल्यांपैकी जे वारले, त्यांच्याच वयाची सरासरी काढली तर ती तिशीच्या आतच येणार. म्हणून त्या पिढीचं आयुष्य तेवढंच म्हणायचं का?

कल्पनेतले दहा गोलंदाज घ्या. पाच जण १, २, ३, ५ आणि ८ वर्षांनी निवृत्त झाले. त्यांची सरासरी ३.८ वर्षं. उरलेले पाच अजून खेळताहेत आणि त्यांची आजवर २, ४, ६, ७ आणि ९ वर्षं झाली आहेत. कॅपलान आणि मायर यांनी १९५८ साली मांडलेल्या रीतीत या पाचांना वगळत नाहीत. जो जितकी वर्षं खेळला, तितकी वर्षं त्याला हजेरीपटावर धरतात.

पहिल्या दोन वर्षांत दोघे गेले, म्हणजे टिकले ८० टक्के. दोनच वर्षं झालेला खेळाडू इथे पटावरून उतरतो, पण बाद म्हणून नव्हे. तिसऱ्या वर्षी उरलेल्या सातांतला एक गेला, तेव्हा ८० चे सहा सप्तमांश, म्हणजे सुमारे ६९ टक्के. पाचव्या वर्षी पाचांतला एक गेला, म्हणून ५५. आठव्या वर्षी दोघांतला एक गेला आणि आकडा २७ वर आला. निम्मे गळायला आठ वर्षं लागली. सरासरी सांगत होती चारही नाही. अर्थात ही शेवटची पायरी दोनच माणसांवर उभी आहे, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये.

खरी पंचाईत निवृत्तीच्या तारखेची. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ मधली, निवृत्ती जाहीर झाली ऑक्टोबर २०१५ मध्ये. आणि एक-दोन सामन्यांनंतर वगळलेला पोरगा निवृत्ती जाहीर तरी कशाला करील? तो यादीत येतच नाही. त्याला ‘अजून खेळतोय’ म्हणून धरलं, तर या टक्क्यांचा सर्व्हायव्हल कर्व्ह उगाच उंच राहतो. पाच वर्षं सामना नाही म्हणजे कारकीर्द संपली, असा नियम केला तर जयदेव उनाडकट आडवा येतो. त्याची पहिली कसोटी डिसेंबर २०१० मध्ये झाली, दुसरी थेट डिसेंबर २०२२ मध्ये!

म्हणून नियम कोणताही धरा, पण तो छापा. तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा खंड धरून कर्व्ह दोनदा काढा. दोन्हींत फार फरक पडला, तर तो आकडा खेळाडूंपेक्षा तुमच्या नियमाबद्दलच अधिक सांगतो. शिवाय कर्व्हखाली दर वर्षी पटावर किती जण उरले, तेही द्यावं. एवढी एक ओळ पुढच्या लेखात जरूर छापावी, ही विनंती.

— एक वाचक, सांगली