फ्रेंचशी गट्टी : ‘थांबलो’ की ‘थांबत होतो’?



मागच्या अंकात आपण भूतकाळाचे दोन साचे पाहिले. ‘पासे कोंपोझे’ म्हणजे ‘झे मांझे’, मी खाल्लं. आणि ‘अँपारफॅ’ म्हणजे ‘झ मांझॅ’, मी खात होतो किंवा खायचो. रूपं कशी बनवायची ते त्या अंकात आलंच आहे, त्यामुळे ते पान फ्रिजवर चिकटवलं असेल तर आज समोर घ्या. कुठला साचा केव्हा वापरायचा, हा प्रश्न मात्र आम्ही हळूच पुढे ढकलला होता. तो आज घेऊ, कारण आपल्याच एका सभासदांना तो चांगलाच महागात पडायची वेळ आली होती.

फेब्रुवारीतली संध्याकाळ. हे गृहस्थ कामावरून घरी येत होते. चौकात लाल अष्टकोनी ‘आरे’ची पाटी. ते रीतसर थांबले, डावीउजवीकडे पाहिलं, गाडी पुढे काढली, आणि डावीकडून आलेल्या गाडीने त्यांच्या दाराला ठोकर दिली. कोणाला काही लागलं नाही, पण दार गेलं. विमा कंपनीने हकीकत फ्रेंचमध्ये लिहून मागितली. गृहस्थांनी रात्री जागून, शब्दकोश घेऊन, इमानदारीत लिहिली. तीन दिवसांनी फोन आला, ‘साहेब, तुम्ही थांबला होतात की नव्हता?’

त्यांनी लिहिलं होतं ते असं :

‘झ मारेतॅ आ लारे. लोत्र ओतो आरिव्हॅ. एल म फ्रापॅ.’

सगळं अँपारफॅ. आम्ही विचारलं, ‘अहो, असं का केलंत?’ तर म्हणाले, ‘वर्गात बाईंनी सांगितलं होतं, वर्णन करायचं असलं की अँपारफॅ. मी अपघाताचं वर्णनच तर करत होतो!’

वर्गातला नियम खोटा नाही, पण अर्धवट आहे. तो जसाच्या तसा घेतला की हे असं होतं. त्यांच्या तीन वाक्यांचं मराठी करा : ‘मी पाटीपाशी थांबत होतो. दुसरी गाडी येत होती. ती मला धडकत होती.’ थांबत होतो म्हणजे थांबण्याच्या बेतात होतो. पूर्ण थांबलो का? वाक्य सांगत नाही. आणि ‘धडकत होती’ तर फारच झालं. जणू शेजारीण रोज सकाळी दूध आणायला निघाली की जाता जाता ठोकर देऊन जायची! कंपनीच्या माणसाची शंका अगदी रास्त होती.

आता गंमत पाहा. हेच वाक्य मराठीत सांगताना त्या गृहस्थांची एकदाही चूक झाली नसती. आपण कोणीच ‘मी घसरत होतो आणि हात मोडत होता’ असं म्हणत नाही. ‘थांबलो’ आणि ‘थांबत होतो’ हा फरक आपल्या जिभेवर आईच्या दुधापासून आहे. तेव्हा आमचं सांगणं असं की फ्रेंच वाक्य लिहिण्याआधी ते मनात चक्क मराठीत म्हणून बघावं. शेवटी ‘-लो, -ली, -लं’ आलं तर पासे कोंपोझे. ‘-त होतो’ आलं, ‘-ायचो’ आलं, किंवा नुसतं ‘होतं’ आलं तर अँपारफॅ. ‘दर उन्हाळ्यात आजीकडे जायचो’ यातलं ‘जायचो’ म्हणजे ‘नू झालियों’. ‘रस्ता निसरडा होता’ यातलं ‘होता’ म्हणजे ‘एतॅ’. दहातल्या सात-आठ ठिकाणी एवढ्यावर भागतं.

आमच्या धंद्यातलं सांगायचं तर, बीकरमधलं लिटमसचं द्रावण निळं होतं, आम्ही आम्ल टाकलं, ते लाल झालं. ‘होतं’ ही स्थिती, ‘टाकलं’ आणि ‘झालं’ या घटना. फ्रेंच माणूस इथे अँपारफॅ, पासे कोंपोझे, पासे कोंपोझे असंच लिहील.

तर त्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही हकीकत पुन्हा लिहिली. आधी मराठीत, मग फ्रेंचमध्ये :

‘इल नेझॅ. ला र्यू एतॅ ग्लिसांत.’ बर्फ पडत होतं. रस्ता निसरडा होता. हा पडदा झाला, नाटक अजून सुरू व्हायचंय.

‘झ म स्वी आरेते आ लारे. झे रगार्दे आ गोश. झ स्वी रपार्ती.’ मी पाटीपाशी थांबलो. डावीकडे पाहिलं. पुन्हा निघालो. एकामागून एक तीन घटना, प्रत्येक पुरी झालेली.

‘लोत्र ओतो आरिव्हॅ व्हित द ला गोश.’ दुसरी गाडी डावीकडून वेगात येत होती.

‘एल न से पा आरेते. एल आ फ्रापे मा पोर्तियेर.’ ती थांबली नाही. तिने माझ्या दाराला धडक दिली.

तिसऱ्या टप्प्यावर गृहस्थ अडले. ‘गाडी आली ही घटनाच ना? मग एथे आरिव्हॅ का?’ म्हटलं, दोन्ही बरोबर आहे, पण गोष्ट बदलते. ‘एल ए तारिव्हे’ लिहिलंत तर अर्थ असा की तुम्ही निघालात, आणि मग गाडी आली. ‘आरिव्हॅ’ लिहिलंत तर तुम्ही निघालात तेव्हा ती आधीच येत होती. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, ‘येत होती. मला दिवे दिसले होते, पण वाटलं तिलाही पाटी आहे, ती थांबेल.’ म्हणजे हा व्याकरणाचा प्रश्न राहिलाच नाही, त्या संध्याकाळी खरं काय झालं त्याचा झाला. ‘ए तारिव्हे’ त्यांना कदाचित सोयीचं पडलं असतं. त्यांनी ‘आरिव्हॅ’ ठेवलं.

शंका आली की आम्ही एक युक्ती वापरतो. दोन वाक्यांची अदलाबदल करून बघायची. ‘बर्फ पडत होतं, रस्ता निसरडा होता’ हे उलटं केलं तरी काही बिघडत नाही. पण ‘थांबलो, निघालो’चं ‘निघालो, थांबलो’ केलं तर सगळा मामला फिरतो. ज्या वाक्यांचा क्रम हलवता येत नाही ती पासे कोंपोझेची.

आता जिथे लोक हमखास घसरतात त्या दोन जागा. पहिली म्हणजे ‘लांबलचक क्रिया म्हणजे अँपारफॅ’ हा समज. ‘काल दिवसभर बर्फ पडलं’ हे फ्रेंचमध्ये ‘इल आ नेझे तूत ला झुर्ने’, म्हणजे पासे कोंपोझे. चांगले बारा तास पडलं की हो! पण दिवसाला दोन टोकं आहेत, आणि आपण ती दोन्ही टोकं बांधून पुडी हातात देतोय. मराठीतही इथे ‘पडलं’च येतं. तसंच ‘मी तीन वर्षं पुण्यात राहिलो’ : ‘झे आबिते त्र्वा झां आ पून’. पण ‘मुलगा झाला तेव्हा मी पुण्यात राहत होतो’ म्हणताना ‘झाबितॅ आ पून कां मों फिस ए ने’. वर्षं तीच, घर तेच, फक्त दुसऱ्या वाक्यात पुडी बांधलेली नाही. क्रिया किती वेळ चालली हे बघू नये, तिची टोकं दाखवायची आहेत की नाहीत हे बघावं.

दुसरी जागा अस्सल आपली, इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या वर्गमित्रांना ती बहुधा नडत नाही. आपल्याला ‘-लो होतो’ म्हणायची फार सवय. ‘शनिवारी कुठे होतात?’ ‘मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो.’ यात ‘होतो’ ऐकून काही जण ‘एतॅ’ लावतात, काही जण पुढचा धडा वाचून ‘नू झेतियों झाले’ म्हणतात. हा दुसरा प्रकार व्याकरणात बसतो, पण तो ‘त्याआधीच गेलो होतो’ असा असतो, म्हणून ऐकणारा ‘बरं, मग?’ करून पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. आपलं साधं ‘गेलो होतो’ म्हणजे फ्रेंचचं साधं ‘नू सॉम झाले’. तेव्हा मराठी वाक्याच्या शेपटीला उगाच आलेलं ‘होतो’ आधी छाटून बघावं. अर्थ तोच राहिला तर पासे कोंपोझे.

काही क्रियापदांचा अर्थच साच्याबरोबर बदलतो. मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत, म्हणून आपल्याला ती चटकन समजतात. ‘झ साव्हॅ’ म्हणजे मला माहीत होतं, आणि ‘झे स्यू’ म्हणजे मला कळलं. ‘झ दव्हॅ आले शे ल मेद्सँ’ म्हणजे मला डॉक्टरकडे जायचं होतं, आणि ‘झे द्यू आले शे ल मेद्सँ’ म्हणजे जावं लागलं. कामावर गैरहजेरीची चिठ्ठी देताना हे लक्षात असू द्या. ‘झ दव्हॅ’ लिहिलंत तर साहेब विचारतील, ‘जायचं होतं, पण गेलात का?’

कानाची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर चटकन उपाय नाही. ‘झे मांझे’ आणि ‘झ मांझॅ’ यांत शेवटी ‘झे’ आणि ‘झॅ’ एवढाच फरक, तोही आपल्या कानाला निसटता. शेपटीकडे कान लावण्यापेक्षा डोक्याकडे लावावा : सुरुवातीला ‘झे’ ऐकू आलं की ‘झ’? मध्ये ‘आ’, ‘ए’, ‘स्वी’ असा छोटा शब्द आला का? आला तर पासे कोंपोझे. शिवाय इथे माँट्रियालच्या रस्त्यावर ‘एतॅ’ कधी कधी जवळजवळ ‘एता’ असं ऐकू येतं. आमच्या धाकटीला, जी इथल्याच शाळेत शिकते, हे सगळं न सांगता कळतं. ती जेवताना आम्हाला दुरुस्त करते आणि कारण विचारलं तर खांदे उडवते.

एक इशारा. वर्तमानपत्रातल्या बातमीत किंवा कादंबरीत तुम्हाला कधी एकाच झालेल्या घटनेला अँपारफॅ लावलेला दिसेल. तो लिहिणाऱ्यांचा खास ढंग आहे, घटना डोळ्यांसमोर थबकवण्यासाठी केलेला. वाचावा, पण विम्याच्या कागदावर नको.

पुढच्या अंकासाठी चार वाक्यं देतो. फ्रेंच करा किंवा नुसतं ‘प’ की ‘अ’ एवढं लिहून आणा :

‘मी स्वयंपाक करत होते. फोन वाजला. दहा मिनिटं बोललो. तेवढ्यात दूध उतू गेलं.’

तिसऱ्या वाक्यावर घरात भांडण होईल. होऊ द्या, आणि कोण जिंकलं ते कळवा.