‘एक साइज लहान’ हा सल्ला अर्धाच खरा

धावण्यासाठी स्पोर्ट्‌स ब्रा घ्यायला गेलं की दुकानातली मुलगी आणि धावणारी मैत्रीण, दोघी एकच सांगतात: ‘नेहमीपेक्षा एक साइज लहान घे, घट्ट बसली म्हणजे हलणार नाही.’ या सल्ल्यात तथ्य आहे. चालताना छातीला बसणारे हिसके सौम्य असतात. धावताना दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, आणि पाऊल टेकलं की स्तन वर-खाली, आडवे आणि पुढे-मागेही हलतात. म्हणून छातीखालची पट्टी रोजच्यापेक्षा घट्ट हवी. बहुतेक आधार तीच देते, खांद्याचे पट्टे नव्हेत. पट्टी सैल ठेवून पट्टे आवळले, तर पट्टी पाठीवर वर चढते आणि खांद्यावर वळ उठतात.

चूक पुढे आहे. समजा, रोजची साइज ३४ बी आहे आणि धावताना पट्टी वर सरकते. सल्ला मानून ३२ बी घेतली, तर पट्टी घट्ट होईल, पण कपही लहान होईल. कारण ‘बी’ हे अक्षर एकटं माप सांगत नाही. ३२ चा बी कप ३४ च्या बी कपापेक्षा लहान असतो. मग वरच्या कडेतून, काखेजवळून स्तन बाहेर येतो. जो भाग बाहेर आला, तो धावताना मोकळाच हलतो, आणि कड त्वचेला काचते. घेतलेला घट्टपणा वाया जातो. इथे हवी ३२ सी: पट्टी एक पायरी खाली, कप एक अक्षर वर.

‘पण आमच्याकडे एस, एम, एल एवढंच मिळतं,’ असं कुणी म्हणेल. तिथे पट्टी आणि कप एकत्रच लहान होतात. स्तन लहान असतील तर नुसतं दाबून धरणारी अशी ब्रा पुरते. मोठे असतील तर दोन वेगळे कप आणि पाठीमागे हुक असलेलीच शोधावी.

आणखी एक. धावण्यासाठी म्हणून बनवलेल्या काही ब्रांची पट्टी मुळातच कडक असते. त्यातही साइज उतरवली, तर खोल श्वास घेता येत नाही. म्हणून आकड्यापेक्षा अंगावरची परीक्षा मोठी. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर लावा. वापरून इलॅस्टिक ढिलं पडलं की आतले हुक कामी येतात. पट्टीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. हात वर केले तरी पट्टी जागची हलू नये. कपाची कड बोचत नसावी, कापडाला सुरकुती नसावी. मग तिथेच जागेवर पळून पाहा. पट्टी सरकली तर पट्टी बदला, कडेने स्तन बाहेर आला तर कप बदला. दोन्ही एकाच वेळी लहान करणं हा यातल्या कुठल्याच दोषावरचा उपाय नव्हे.